प्रबंधात 'विसंगत' लिहावं की 'अनपेक्षित'?

शलाका: चर्चेचं प्रकरण लिहितेय आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय. परळच्या एका शाळेत आठवीच्या दोन तुकड्यांना विज्ञानाचा एकच उतारा दिला. एका तुकडीने तो दोनदा वाचला. दुसरीने एकदा वाचला, मग कागद उलटा ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. शाळेने एकच तास दिला होता, म्हणून चाचणीही त्याच तासाच्या शेवटी घेतली. २० पैकी सरासरी आली ती अशी: दोनदा वाचणारे १३.८, आठवून लिहिणारे १२.१. फरक ०.०५ पातळीवर सार्थक आहे. माझी परिकल्पना नेमकी उलटी होती. मी लिहिलं, 'हे फलित पूर्वसंशोधनाशी विसंगत आहे.' मार्गदर्शक बाईंनी 'विसंगत'वर लाल रेघ मारून वर 'अनपेक्षित' लिहिलं. मला तर दोन्ही एकच वाटतात.

शब्दवेल्हाळ: एक कसे? संगत म्हणजे बरोबर चालणं. दोन गोष्टी असल्याशिवाय विसंगती होत नाही. अपेक्षा मात्र एकट्या माणसाची असते. 'चर्चा'चंच घ्या, वेदपठणात पदांची पुनरावृत्ती म्हणजे चर्चा, आणि 'चंदनचर्चित' मधला लेपही त्याच घरातला. त्यामुळे या प्रकरणाला 'विवेचन' म्हणावं हे माझं जुनं मत.

नीलकंठ: शब्द राहू द्या. निकाल उलटा आला म्हणजे तुकड्याच सारख्या नसणार. हुशार मुलं 'अ' तुकडीत घालतात हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. तेच कारण देऊन मोकळ्या व्हा.

शलाका: दादा, पहिल्या सत्राचे विज्ञानाचे गुण ताडून पाहिले होते. दोन्ही तुकड्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

जयश्री: शलाका, तुकड्या ताडून पाहिल्यास हे फार बरं केलंस, पण ते चर्चेत लिही, परिशिष्टात दडवू नकोस. नीलकंठ म्हणतात ती शंका परीक्षकाला पहिल्यांदा येणार.

आता मूळ मुद्दा. तू ज्या पूर्वसंशोधनाशी तुलना करतेयस ते रोडिगर आणि कार्पिकी यांचं २००६ चं असावं. त्यातला पहिला प्रयोग मूळ लेखात उघडून बघ. सूर्य आणि समुद्री पाणमांजर यांवरचे छोटे उतारे होते. सात मिनिटं वाचन, मग सात मिनिटं पुन्हा वाचन किंवा आठवून लेखन. अंतिम चाचणी पाच मिनिटांनी घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने घेतली तेव्हा तेच आकडे ४२ आणि ५६ झाले. म्हणजे चाचणी लगेच घेतली तर त्यांच्याकडेही पुन्हा वाचणारेच पुढे होते. तुझं फलित तुझ्या परिकल्पनेच्या विरुद्ध आहे, त्या अभ्यासाच्या नाही. बाईंची रेघ योग्य आहे.

कारणही समजण्यासारखं आहे. दोनदा वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून सगळा उतारा पुन्हा जातो. आठवून लिहिणाऱ्याला जे आठवलं नाही, ते त्याला कुणी पुन्हा दाखवत नाही.

शलाका: मग 'आठवड्याने चाचणी घेतली असती तर चित्र उलटलं असतं' असं लिहू?

जयश्री: मुळीच नको. तू आठवड्याने चाचणी घेतलेली नाहीस. 'चाचणी लगेच घेतल्याने हा परिणाम दिसला असण्याची शक्यता आहे' इथे थांब आणि विलंबित चाचणी शिफारशींत टाक.

हर्षद: मला 'सुसंगत' म्हणणंही धाडसाचं वाटतं. तिकडे महाविद्यालयीन विद्यार्थी होते, इकडे आठवीची मुलं. तिकडे आठवेल ते लिहायचं होतं. ताई, तुमच्या २० गुणांत बहुपर्यायी किती?

शलाका: सगळेच.

हर्षद: मग उत्तर समोर छापलेलं असताना ओळखणं आणि कोऱ्या कागदावर आठवणं यांची सरळ तुलना कशी करणार? 'दिशा तीच दिसते' यापुढे मी जाणार नाही.

जयश्री: हर्षद, हा फरक लिहायलाच हवा. पण तेवढ्याने 'सुसंगत' बाद होतं असं मला वाटत नाही.

दादरचे मास्तर: पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं! माझ्या वर्गात पाढे रोज म्हणवून घ्यायचो. ती मुलं आता भेटतात तेव्हा एकोणतीसचा पाढा घडाघड म्हणतात.

जयश्री: मास्तर, न बघता पाढा म्हणणं हे आठवणंच झालं. तुमची मुलं आठवून लिहिणाऱ्यांच्या बाजूची.

दादरचे मास्तर: पण लिहिलेला पाढा आधी दहादा वाचायचेच की ती.

शब्दवेल्हाळ: मला खुपतोय तो 'सार्थक'. सार्थक जन्माचं होतं. १.७ गुणांच्या फरकाचं कसलं सार्थक? 'लक्षणीय' म्हणा.

हर्षद: 'लक्षणीय' म्हटलं की वाचणाऱ्याला फरक मोठा वाटतो. सार्थकता फक्त एवढंच सांगते की, खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक क्वचित येतो. फरक मोठा की लहान, ते वेगळं मोजावं लागतं.

नीलकंठ: आमच्या बी.एड.च्या पुस्तकांत 'सार्थक'च होतं. आता बदललं तर ग्रंथालयातले जुने प्रबंध कुणाला कळणार?

शब्दवेल्हाळ: जुन्या प्रबंधांत 'फलित' आणि 'निष्कर्ष' यांचीही अशीच सरमिसळ आहे. ती चालू द्यायची का?

शलाका: बाईंना सोमवारी प्रकरण द्यायचंय. 'अनपेक्षित' ठेवते. 'सुसंगत'वर तुमचं दोघांचं एकमत झालं तर कळवा.