लेखकाने मजकूर एआयकडून लिहून घेतल्याचा संशय आला, तर संपादकाने काय करावे?

शाईदौत: कोकणातल्या जुन्या बंदरांवरच्या एका पुस्तकाचे भाषिक संपादन सध्या माझ्याकडे आहे. पहिली दोन प्रकरणे लेखकाच्या ओळखीच्या शैलीत आहेत. तिसऱ्यापासून भाषा एकाएकी गुळगुळीत होते, प्रत्येक परिच्छेद तात्पर्याने संपतो, आणि दाभोळविषयीचे दोन उतारे तळटिपेत दिलेल्या ‘मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर, खंड ११, रत्नागिरी, १८८३’ यात मला सापडत नाहीत. हा मजकूर एआयचा असावा, असे वाटते. लेखकाला विचारावे, प्रकाशकाला सांगावे, की आपले काम शुद्धलेखनापुरते मानून गप्प राहावे?

करडीधार: प्रकाशकाला आजच्या आज स्पष्ट शब्दांत कळवा. पुस्तक विकत घेणारा वाचक मुखपृष्ठावरच्या नावावर विश्वास ठेवून पैसे देतो. संशय मनात असताना आपण ऱ्हस्व-दीर्घ सुधारत राहिलो, तर त्या फसवणुकीला आपलाही हात लागतो. लेखक दुखावेल या भीतीने सत्य दडवणे मला तरी मान्य नाही.

पानपट्टी: संशयावर कशाला थांबायचे? एआयचा मजकूर ओळखणारी साधने आता उपलब्ध आहेत. तिसरे प्रकरण त्यात घालावे आणि ऐंशी-नव्वद टक्के असा निकाल आला, तर तोच प्रकाशकापुढे ठेवावा, म्हणजे वादाला जागा उरणार नाही. मात्र यंत्राच्या भाषेला खुणा असतात, हे शाईदौत यांचे निरीक्षण बरोबर आहे. मराठीत तर त्या अधिकच दिसतात: हिंदी वळणाची क्रियापदे, ‘केवळ अमुक नव्हे, तर तमुकही’ अशी वारंवार येणारी रचना, आणि कोणत्याच बोलीचा वास नसलेले शब्द.

जुना छापखाना: मी सत्तावीस वर्षे हे काम करत आहे. प्रथम पानपट्टी यांच्या सूचनेविषयी. ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३मध्ये असे ओळख-साधन स्वतःच काढले होते. कंपनीच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता आला, माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर त्याने यंत्राचा शिक्का मारला, आणि ते फक्त इंग्रजीसाठी वापरावे, असे कंपनीने तेव्हाच सांगितले होते. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत ते मागे घेतले गेले. त्यानंतर आलेली साधने कदाचित अधिक बरी असतील, पण मराठी गद्यावरच्या त्यांच्या टक्केवारीच्या आधारे मी कोणाच्याही लेखनावर आरोप करणार नाही. शिवाय अप्रकाशित हस्तलिखित लेखकाच्या परवानगीवाचून परक्या संकेतस्थळावर चढवणे हा आपल्याकडून झालेला विश्वासभंग ठरतो.

भाषेच्या खुणा संशयाला पुरतात, पुराव्याला पुरत नाहीत. इंग्रजी माध्यमात शिकलेला लेखक, सरकारी अहवाल लिहून हात घडलेला लेखक, कोणाकडून तरी भाषा ‘सुधारून’ घेतलेला लेखक, या तिघांचेही गद्य गुळगुळीत असू शकते. म्हणून शैलीवर न बोलता, पडताळता येईल त्यावर बोलावे.

आपल्या तळटिपेचेच पाहा. रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १०वा आहे आणि तो १८८०चा आहे. १८८३चा खंड ११ कुलाबा व जंजिऱ्याचा आहे. शेजारच्या खंडांची अशी सरमिसळ घाईत टिपणे काढणारा माणूसही करतो, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. आधी ते उतारे खंड १०मध्ये दाभोळच्या नोंदीत शोधा. दोन्ही खंडांत मिळाले नाहीत, तर प्रश्न गंभीर होतो, कारण अवतरणचिन्हांत घातलेले वाक्य मूळ ग्रंथात नसेल, तर ते कोणी लिहिले याला महत्त्व नाही. ते छापता येत नाही.

मी असे करतो. संशयास्पद प्रकरणातले दहा संदर्भ निवडतो, पण ते सगळे संशयितच निवडत नाही, आणि पान, छापलेले वाक्य, दिलेला ग्रंथ व मला काय आढळले, अशा नोंदी करतो. संकेतस्थळांचे दुवे पूर्ण पाहतो. दुव्याच्या शेवटी `utm_source=chatgpt.com` असे आढळले, तर तो दुवा त्या साधनातून उचललेला आहे, एवढे बहुधा म्हणता येते. शेजारचा परिच्छेदही तिथूनच आला, असे त्यावरून म्हणता येत नाही. मग हा तक्ता प्रकाशनाच्या संपादकाकडे देतो, कारण लेखकाशी करार त्यांचा आहे, माझा नाही, आणि त्यांच्या संमतीने लेखकाला लिहितो: ‘पृष्ठ अमुकवरील उतारा मला मूळ ग्रंथात मिळाला नाही, आपल्याकडील पानाचे छायाचित्र किंवा टिपण पाठवावे.’ त्या पत्रात एआय हा शब्द नसतो. ज्याने ग्रंथ पाहिला आहे, तो चार दिवसांत पान पाठवतो.

सातासमुद्रापार: मला थोडा वेगळा अनुभव सांगावासा वाटतो. मी तीस वर्षे कॅनडात आहे. आजीच्या आठवणी मी फोनला बोलून लिहून घेतल्या आणि माझे मराठी अडखळते म्हणून एआयकडून वाक्ये नीट करून घेतली. एका संपादकाने ‘हे तुमचे लेखन नाही’ असे लिहून सगळे परत केले. आठवणी माझ्या होत्या. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, याचे दुःख अजून आहे.

करडीधार: आपल्याला झालेला त्रास मी समजू शकतो, पण आपण जे केले ते आरंभीच सांगितले असते, तर तो प्रसंग आला असता का? जुना छापखाना यांच्या पद्धतीवर माझा आक्षेप आहे. मनात एआयचा संशय ठेवून पत्रात फक्त पृष्ठक्रमांक विचारायचा, यात लेखकाला सापळ्यात धरल्यासारखे होते. त्यापेक्षा सरळ विचारणे अधिक सन्मानाचे. दुसरे असे की, सगळे संदर्भ बरोबर निघाले, पण गद्य यंत्राचे असले, तर आपल्या पद्धतीत वाचकाला ते कधीच कळणार नाही.

जुना छापखाना: दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर माझ्या तक्त्यात नाही. ते करारात हवे. एआयचा वापर कुठे व किती केला, हे लेखकाने हस्तलिखितासोबत लिहून द्यावे, असे कलम असेल, तर संपादकाला सरळ विचारण्याचा अधिकार मिळतो. ते नसताना मी विचारले, तर उत्तर देणे लेखकावर बंधनकारक नाही. पहिल्या आक्षेपाबाबत मात्र मी सहमत नाही. न सापडलेल्या उताऱ्याविषयी विचारणे हे माझे नेहमीचे काम आहे. लेखक कोणीही असो, मी तेच विचारतो.

गप्प राहण्याविषयीही लिहितो. २०२४ साली ‘सर्फेसेस अँड इंटरफेसेस’ या विज्ञान-नियतकालिकात एका शोधनिबंधाची प्रस्तावना ‘अवश्य, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याने सुरू झालेली छापून आली. परीक्षणापासून छपाईपर्यंत कोणीच ते वाक्य अडवले नाही. जुळणी झालेली पाने हाती आली असताना मुद्रितशोधकाला प्रकरण बदलता येत नाही, पण समासात खूण करून ते पान थांबवता येते. तेवढे त्याने केलेच पाहिजे. आणि संदर्भ तपासण्याचे काम ठरलेल्या मोबदल्यात बसत नसेल, तर ते सुरू करण्यापूर्वी प्रकाशकाला तसे लिहून कळवावे.

शाईदौत: दहा संदर्भ तपासले. सहा बरोबर निघाले. दाभोळच्या दोनपैकी एक उतारा खंड १०मध्ये मिळाला, पण आशयाने. वाक्ये तशी नव्हती. दुसरा कुठेच नाही, आणि आणखी दोन संदर्भांचे ग्रंथच ग्रंथालयाच्या सूचीत नाहीत. प्रकाशनाच्या संपादकांनी तक्ता लेखकाकडे पाठवला. लेखकाचा आज फोन आला. वहीतली टिपणे त्यांचीच आहेत. ती एआयला देऊन ‘प्रकरण नीट लिहून दे’ असे सांगितले आणि आलेली अवतरणे त्यांनी मूळ ग्रंथाशी ताडून पाहिली नाहीत, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. ते वहीवरून तिसरे प्रकरण पुन्हा लिहिणार आहेत. चौथ्या आणि पाचव्या प्रकरणांतले संदर्भ बरोबर आहेत, पण भाषा तीच आहे. ती प्रकरणे ठेवावीत का, आणि प्रस्तावनेत त्याचा उल्लेख असावा का, यावर प्रकाशक आणि लेखक यांचे अजून एकमत झालेले नाही.

करडीधार: उल्लेख असावा. त्यावाचून ती दोन प्रकरणे मी छापू दिली नसती.

सातासमुद्रापार: उल्लेख असावा, हे मलाही पटते. पण प्रकरणे काढू नयेत. वही त्यांची आहे.