मदत हवी आहे: एनव्हीआय शीटमध्ये सरासरीच्या वर, चार्टवर खाली. खरं कोणतं?

वेळच_नाही
नमस्कार. एका शेअरचा निगेटिव्ह व्हॉल्यूम इंडेक्स शीटमध्ये काढलाय. २५५ दिवसांच्या सरासरीच्या वर आहे, म्हणजे जाणकारांचा पैसा अजून आत आहे. चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तोच एनव्हीआय सरासरीच्या खाली दिसतोय. डेटा तोच, दोनदा तपासला. निर्णय आजच घ्यायचाय. कोणतं बरोबर?

कासवछाप
फॉर्म्युला? किती दिवसांचा डेटा? सरासरी साधी की एक्स्पोनेन्शियल? भाव स्प्लिटनुसार सुधारलेले आहेत का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

जुना_गडी
एनव्हीआय सोडा, ओबीव्ही म्हणजे ऑन बॅलन्स व्हॉल्यूम लावा. सरळ रेष दिसते, डोक्याला ताप नाही.

कासवछाप
@जुना_गडी, ओबीव्ही रोजचा व्हॉल्यूम मोजतो, एनव्हीआय फक्त शांत दिवसांचे, म्हणजे कालपेक्षा कमी व्हॉल्यूम असलेल्या दिवसांचे भाव मोजतो. प्रश्नच वेगळा आहे.

वेळच_नाही
एक्स्पोनेन्शियल. ३०० दिवस. स्प्लिट नाही. B मध्ये बंद भाव, C मध्ये व्हॉल्यूम, D2 मध्ये १०००. सरासरीही १००० पासूनच सुरू केली.
```
=IF(C3<C2, D2+(B3-B2)/B2*100, D2)
```

माधवी_प
चूक सापडली, आणि एक नाही, दोन आहेत.

पहिली: तुम्ही टक्के बेरजेने चढवताय, तुमचं सॉफ्टवेअर बहुधा गुणाकाराने. एका शांत दिवशी १० टक्के वर आणि दुसऱ्या शांत दिवशी १० टक्के खाली गेलं, तर बेरजेत आकडा १००० वर परत येतो. गुणाकारात ९९० होतो, आणि ज्याच्याकडे शेअर आहे त्याच्या हातातही ९९०च उरतात. जोराने हेलकावे खाणाऱ्या शेअरमध्ये ही तूट साठत जाते, म्हणून बेरजेची रेष सरासरीच्या तुलनेत थोडी वर तरंगते. बेरजेची पद्धतही काही सॉफ्टवेअर वापरतात, त्यामुळे तिला चूक म्हणण्यापेक्षा वेगळा निर्देशांक म्हणा. दोघांची तुलना मात्र करू नका. गुणाकाराची अशी:
```
=IF(C3<C2, D2*B3/B2, D2)
```
दुसरी: २५५ दिवसांच्या सरासरीत रोजचं वजन २/२५६. सुरुवातीला टाकलेल्या १००० चं वजन ३०० दिवसांनंतरही सुमारे साडेनऊ टक्के उरतं. म्हणजे तुमची सरासरी अजून निम्मी-अर्धी कच्ची आहे. तीन वर्षांचा डेटा घ्या, मग ते वजन पाव टक्क्यावर येतं.

रात्रपाळी
"निम्मी-अर्धी" नाही हो, साडेनऊ टक्केच कच्ची 🙂

माधवी_प
मान्य. हात सैल सुटला.

भाव_भगवान
एवढं गणित कशाला? पीव्हीआय, म्हणजे पॉझिटिव्ह व्हॉल्यूम इंडेक्स बघा, तो व्हॉल्यूम वाढलेल्या दिवसांचे भाव मोजतो. गर्दीच्या दिवशी पब्लिक घुसते, पब्लिक नेहमी चुकते. पीव्हीआय चढला की विका. एनव्हीआय हुशारांचा, पीव्हीआय येड्यांचा, विषय संपला.

अंकगणित
अर्धं बरोबर. १९३०च्या दशकात पॉल डायसार्टने हे काढलं तेव्हा कल्पना हीच होती. पण १९७६ मध्ये नॉर्मन फॉस्बॅकने मोजदाद मांडली, तीत पीव्हीआय एक वर्षाच्या सरासरीच्या वर असताना तेजीचा बाजार असण्याची शक्यता ७९ टक्के निघाली आणि खाली असताना मंदीची ६७. म्हणजे पीव्हीआय चढणं हे विकायचं कारण नाहीच, उलट आहे. एनव्हीआय वर असताना तेजीची शक्यता ९६, खाली असताना मंदीची फक्त ५३. ५३ म्हणजे नाणं उडवणंच. तेव्हा एनव्हीआय खाली गेला म्हणून घाबरून विकण्याला फॉस्बॅकचाही आधार नाही. शिवाय ही मोजणी अख्ख्या बाजाराची होती, एका शेअरची नव्हे.

भाव_भगवान
पुस्तकी. शांत दिवशी कोण विकत घेतं? ज्याला माहिती आहे तोच.

अंकगणित
हेच तर वादग्रस्त आहे. ज्याला माहिती आहे त्याला ओळखू यायचं नसतं, म्हणून तो गर्दीत लपतो. काइलचं १९८५ चं मॉडेल हेच सांगतं: इतरांचे व्यवहार जितके जास्त, तितका जाणकार मोठा सौदा टाकू शकतो. अदमाती आणि फ्लायडरर यांनी १९८८ मध्ये दाखवलं की व्यवहार एका वेळी एकवटतात आणि जाणकारही तिथेच येतात. या दोन्हींप्रमाणे गर्दीचा दिवस म्हणजे नुसते येडे नव्हेत. शांत दिवशी मोठी ऑर्डर टाकली तर भावच पळतो, मग लपणार कुठे?

माधवी_प
पण दुसरी बाजूही आहे. कॅम्पबेल, ग्रॉसमन आणि वांग यांनी १९९३ मध्ये दाखवलं की जास्त व्हॉल्यूमच्या दिवसाची हालचाल पुढे उलटण्याकडे झुकते, कारण कुणालातरी पैसे मोकळे करायचे असतात. शांत दिवसाची हालचाल त्यामानाने टिकते. म्हणजे एनव्हीआय चालत असेल, तरी त्याचं कारण "हुशार पैसा" असेलच असं नाही.

नवा_पक्षी
मध्येच विचारतो, क्रिप्टोवर चालेल का हे?

रात्रपाळी
शनिवारी व्हॉल्यूम घटतो, सोमवारी वाढतो. तुमचा एनव्हीआय म्हणजे शनिवारांचा इतिहास होईल.

वेळच_नाही
क्रिप्टो दुसऱ्या धाग्यावर प्लीज. गुणाकार केला, तीन वर्षांचा डेटा घेतला. आता शीटही खाली दाखवते, पण जेमतेम ०.४ टक्क्यांनी. म्हणजे चार्ट बरोबर. विकू ना?

कासवछाप
थांबा. गेल्या दोन-तीन महिन्यांत एनव्हीआय कोणत्या दिवशी सर्वात जास्त पडला, ते शोधा. त्या दिवसाच्या आजूबाजूचे व्हॉल्यूम इथे टाका.

वेळच_नाही
कंपनीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी. व्हॉल्यूम लाखांत: १२, १०, ४८ (निकाल, ५ टक्के खाली), ३१ (६ टक्के खाली), १४.

कासवछाप
हाच तो. ३१ लाख हा रोजच्या १२ लाखांच्या अडीचपट, आणि तरीही एनव्हीआयच्या लेखी "शांत" दिवस, कारण कालचे ४८ होते. निकाल वाचून लोक घाबरून विकत होते, तो अख्खा ६ टक्क्यांचा मार हुशार पैशाच्या खात्यात गेला. एनव्हीआय फक्त कालशी तुलना करतो, नेहमीच्या दिवसाशी नाही. प्रत्येक मोठ्या धमाक्यानंतर हेच होतं. अर्ध्या सत्राच्या दिवसानंतर उलटं: साधा दिवससुद्धा "गर्दीचा" ठरतो. आणि एकदा घुसलेली टक्केवारी बाहेर निघत नाही, सरासरी तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत महिने जातात.

तपासायला एक स्तंभ वाढवा. शांत दिवस तोच, जो कालपेक्षा कमी आणि मागच्या २० दिवसांच्या मध्यकापेक्षाही कमी. २३ व्या ओळीपासून:
```
=IF(AND(C23<C22, C23<MEDIAN(C3:C22)), E22*B23/B22, E22)
```
E22 मध्ये १००० टाका.

वेळच_नाही
केलं. आता सरासरीच्या वर, पाच टक्क्यांनी. म्हणजे एका दिवसावर सगळं उभं होतं??

अंकगणित
हो. पण कासवछाप, हा मध्यकाचा नियम फॉस्बॅकच्या मोजणीत नव्हता. त्यामुळे ९६ टक्के या नव्या रेषेला चिकटवता येणार नाहीत. हवं ते उत्तर येईपर्यंत नियम बदलत राहिलो असंही कुणी म्हणेल.

कासवछाप
म्हणू दे. मी खरेदीचा सल्ला दिलेला नाही, विकण्याचं कारण किती पातळ होतं ते दाखवलं. १० दिवसांचा आणि ५० दिवसांचा मध्यक लावून बघा. तिन्हींत उत्तर तेच आलं तर बोलू.

भाव_भगवान
पीव्हीआय काय म्हणतो ते अजून कुणी विचारलंच नाही.

वेळच_नाही
१० ला वर, ५० ला वर. पीव्हीआय दोन महिन्यांपासून खाली. आता?