मदत हवी आहे: काळ्या केसांवर बेबी लाइट्स करायचेत, पण स्कॅल्प जळायला नको

पावसाळी
चुलत बहिणीचं लग्न आहे डिसेंबरात. मला पूर्ण कलर नकोय, फक्त बारीक बारीक बेबी लाइट्स आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या बटा जरा उजळ, कॅरॅमलसारख्या, म्हणजे काही केलंय हे कळायला नको पण उन्हात केस उठून दिसले पाहिजेत. केस एकदम काळे आहेत. पार्लरवाली म्हणते काही होत नाही, सगळ्या करतात. पण मागे एकदा डोक्याला खूप त्रास झाला होता म्हणून भीती वाटतेय. ब्लीचच्या आधी स्कॅल्पवर काय लावायचं ते सांगा, मी तिला तसं सांगते. प्लीज लवकर, शनिवारची अपॉइंटमेंट आहे!

अण्णा_डोंबिवली
ब्लीच केल्यावर गार दुधाचा बोळा फिरवायचा, आमची ही कायम तेच करते. आणि भुवयांना लागू द्यायचं नाही, एकदा तिच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या, आठवडाभर घरात हसू आवरेना.

पावसाळी
अण्णा, चेहऱ्याचं ब्लीच नाही हो, केसांचं आहे 😅

गारवा
त्रास झाला म्हणजे नेमकं काय झालं? जळजळ, पुरळ, सूज? आणि तेव्हा काय लावलं होतं? केसांना आत्ता काही लावलेलं आहे का, मेंदी, स्ट्रेटनिंग वगैरे? हे न सांगता उत्तर कसं देणार.

निशिगंधा
सोप्पं आहे गं. आदल्या रात्री भरपूर खोबरेल चोपडून झोप, स्कॅल्पलाही आणि केसांनाही, आणि तसंच पार्लरला जा, न धुता. मी दोन वेळा हायलाइट्स केले, कणभर चुणचुण नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं, सूर्यफुलासारखी तेलं वरच राहतात, हे सिद्ध झालेलं आहे.

कात्रीवाली
ठाण्यात पार्लरमध्ये आहे, बरीच वर्षं हेच करते, म्हणून लिहिते.

निशिगंधाताई, खोबरेल केसात शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी जातं हे खरं आहे, त्यामुळे लांबीला आदल्या रात्री हलकं लावलं तर माझी हरकत नाही. पण तेल म्हणजे स्कॅल्पचं चिलखत नाही. आणि भरपूर चोपडलेल्या बटेवर ब्लीच नीट धरत नाही, ओघळून मुळाशी येतं, म्हणजे जिथे नको तिथेच.

न धुता जा हे मात्र बरोबर सांगितलंत. एक-दोन दिवस आधी शॅम्पू झालेला असावा, त्याच दिवशी नको. नखांनी खाजवायचं नाही, स्क्रब नाही, दाताळ्या कंगव्याने खरवडायचं नाही. कातडीवर बारीक ओरखडा असेल तिथेच आधी झोंबतं.

पावसाळी, बेबी लाइट्स नीट केले तर ब्लीच स्कॅल्पला लागतच नाही, त्यामुळे वर काय लावायचं हा प्रश्न दुय्यम आहे. टोकदार कंगव्याने इतकी विरळ बट उचलायची की खालची फॉइल तिच्यातून दिसली पाहिजे. ब्लीच मुळापासून अर्धा-पाऊण सेंटीमीटर सोडून सुरू करायचं, कारण फॉइलमध्ये ते फुगतं आणि वर सरकतं. घोळ श्रीखंडासारखा घट्ट हवा. पातळ झाला किंवा काठापर्यंत भरला की मुळाशी झिरपतो आणि तिथे गोल पिवळा डाग पडतो, तो मग लपत नाही. मुळाशी कापसाची पातळ पट्टी ठेवली तर आणखी बरं. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन, पण केसावर नको, व्हॅसलीन लागलेल्या केसावर ब्लीच चढत नाही.

डेव्हलपर, म्हणजे ब्लीच पावडर ज्यात घोळतात ते पेरॉक्साइड, २० व्हॉल्यूमच्या वर नको. कपाळालगतचे बारीक केस तर सगळ्यात शेवटी आणि १० व्हॉल्यूमने, ते पटकन उजळतात. ड्रायरची गरम हवा अजिबात नको. ३० किंवा ४० व्हॉल्यूम घालून "लवकर आटपू" म्हणाली तर उठून ये.

पण गारवाने विचारलंय त्याचं उत्तर आधी दे.

टेक्सासची_मावशी
आमच्याकडे याचे अडीचशे-तीनशे डॉलर घेतात, टिप वेगळी. त्यापेक्षा भारतात आल्यावरच करावं असं वाटतं. मी तर फक्त पांढरे झाकते. कोणाला अमोनिया नसलेला चांगला ब्रँड माहिती आहे का?

पावसाळी
स्ट्रेटनिंग नाही केलेलं. आई काळी मेंदी लावायची मला, ती बंद करून दीड वर्ष झालं. मग मागच्या वर्षी एका पार्लरमध्ये काळा कलर केला, लावताना जराशी खाज होती, घरी आले तेव्हा ठीक होते, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानाच्या मागे आणि कपाळावर पुरळ आणि सकाळी पापण्या सुजल्या, डोळे उघडेनात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चार-पाच दिवसांत गेलं. म्हणून स्कॅल्प सेन्सिटिव्ह आहे म्हटलं. तो कलर होता, ब्लीच नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

गारवा
अगं हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस!!

निशिगंधा
स्ट्राँग कलर असेल. हर्बल वाला घे, त्यात काही नसतं.

कात्रीवाली
निशिगंधाताई, कृपा करून असं सांगू नका. बाजारात "हर्बल" आणि "काळी मेंदी" म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच पुड्यांमध्ये पीपीडी असतं, पॅरा-फिनिलीनडायअमिन. नुसत्या मेंदीने केस एवढे काळे होतच नाहीत, शुद्ध मेंदी तांबूस रंग देते.

पावसाळी, हे सेन्सिटिव्ह स्कॅल्पचं लक्षण वाटत नाही. ब्लीचने भाजतं ते तिथल्या तिथे, लावलेलं असतानाच झोंबतं आणि ज्या जागी लागलं तिथेच. तुझं एक-दीड दिवसाने आलं आणि जिथे कलर लावला नव्हता त्या पापण्यांवर सूज आली. हे डायच्या अ‍ॅलर्जीसारखं दिसतं, आणि पीपीडीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, पुढच्या वेळी आणखी जोरात येऊ शकते.

आता गंमत बघ. ब्लीच पावडरमध्ये पीपीडी नसतं. त्यामुळे फॉइलचं काम तुला कदाचित काहीही त्रास न देता होईल. पण काळे केस उघडताना आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळट होतात. तुला हवा तो कॅरॅमल नारिंगी-पिवळ्याच्या टप्प्यावर थांबून मिळतो आणि तिथला भडकपणा मारायला वर टोनर लावतात. तो टोनर बेसिनवर, ओल्या केसांत, सगळ्या डोक्यावर चोळला जातो. मिसळून लावायच्या बऱ्याच टोनरमध्ये पीपीडी किंवा त्याचं भावंड टोल्युईन-२,५-डायअमिन असतं, आणि एकाची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना दुसऱ्याचाही त्रास होतो. म्हणजे तू ब्लीचपासून स्कॅल्प जपत बसशील आणि त्रास शेवटच्या दहा मिनिटांत होईल.

डॉक्टरीणबाई_नाहीये_मी
माझ्या मैत्रिणीला उलट झालं. कलर चालतो पण ब्लीच लावलं की पाच-दहा मिनिटांत मानेवर गांधी उठतात आणि शिंका सुरू. तिला ब्लीचच चालत नाही म्हणे. मग ब्लीच सेफ कसं काय?

कात्रीवाली
तेही होतं. ब्लीच पावडरमधल्या पर्सल्फेटची अ‍ॅलर्जी. आमच्या धंद्यात पावडर घोळता घोळता दमा लागलेल्या बायका आहेत. म्हणून सेफ म्हणत नाहीये, पीपीडी नसतं एवढंच म्हणतेय. लावताना गांधी, ओठ सुजणं, छातीत घरघर असं काही झालं तर लगेच धुवायचं आणि सरळ दवाखाना.

निशिगंधा
मग कानामागे लावून पॅच टेस्ट केली की झालं ना, ४८ तास थांबायचं. एवढं घाबरवताय तिला.

कात्रीवाली
ज्याला आधी काही झालेलं नाही त्याच्यासाठी ठीक. जिच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते तिने घरी टोनर कानामागे लावून बघू नये. त्वचेच्या डॉक्टरकडे पाठीवर पॅच लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी परत बघतात, कारण उशिरा उठणारं असतं. डिसेंबरपर्यंत वेळ आहे. शनिवारी कशाला घाई?

गारवा
आणि मेंदीचं काय? ती अजून केसांत असेल ना?

कात्रीवाली
बरोबर. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात. दीड वर्षात वीसेक सेंटीमीटर नवे आलेत, त्याच्या खाली मेंदी बसलेली. पण मागच्या वर्षीचा काळा कलर त्या नव्या केसांवरही चढलाय. म्हणजे एकाच बटेत तीन पट्टे: मुळाशी कोरा केस, मध्ये कलर, खाली मेंदी आणि कलर दोन्ही. कोरा भाग लवकर उघडेल, कलरचा भाग तांबडा होऊन अडकेल, खालचा हटणारच नाही. खालपर्यंत एकसारखं उजळेल असं पार्लरवालीने कबूल केलं असेल तर तिला हे माहितीच नाही.

पुढच्या बटा किती लांब आहेत तुझ्या? आणि मेंदीत धातूचे क्षार असतील तर पेरॉक्साइडबरोबर केस तापतो. खालच्या टोकाचे थोडे केस कापून काचेच्या वाटीत ब्लीच-डेव्हलपरच्या घोळात ठेवायला सांग. अर्ध्या तासात वाटी गरम झाली किंवा भलताच वास सुटला, तर त्या भागाला ब्लीच लावायचंच नाही.

अण्णा_डोंबिवली
वाटीत दूध ठेवलं तर चालतं का 😀 जाऊ दे. बोअरच्या पाण्याने केस लाल होतात का हो? आमच्या सोसायटीत टँकर चालू झाल्यापासून हिचे केस पार गवतासारखे झालेत.

टेक्सासची_मावशी
अण्णा, जड पाण्याने होतात. आमच्याकडे शॉवरला फिल्टर लावलाय.

पावसाळी
पुढच्या बटा हनुवटीच्या जरा खाली येतात, मेंदीवाला भाग तिथे बहुतेक कापून गेलाय, मागे आहे अजून. पार्लरवालीला फोन केला, टोनरच्या बॉक्सचा फोटो मागितला. बारीक अक्षरात टोल्युईन वालं नाव आहे!! तिला सांगितलं तर म्हणे "अहो मॅडम, दहाच मिनिटं तर लावतो, अमोनिया फ्री आहे." शनिवार कॅन्सल केला, स्किनवाल्याची अपॉइंटमेंट घेते.

आता एकच सांगा, टोनर लावलाच नाही तर फार भडक दिसेल का?

कात्रीवाली
अमोनिया नसला म्हणजे डाय नाही असं नसतं, हे तिलाही कोणी सांगायला हवं.

टोनरशिवाय तांब्यासारखा रंग राहील. चेहऱ्याशेजारी चार-पाच बारीक बटाच असतील तर काळ्या केसांत तो वाईट दिसत नाही, सावळ्या रंगाला तर खुलतो. फार नारिंगी वाटला तर निळा शॅम्पू किंवा डेव्हलपर न मिसळता लावायचा कलर मास्क. त्यात सहसा पीपीडी नसतं, पण त्यातले रंगही काहींना चालत नाहीत, तेव्हा घटकांची यादी डॉक्टरला दाखवूनच घे. मागच्या बाजूला हात लावू नको, भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे एवढंच कर. आणि फॉइल बेसिनवर एकेक करून उघडून लगेच धुवायला सांग, सगळ्या एकदम उघडल्या की ब्लीच डोक्यावरून वाहतं.

निशिगंधा
मला अजूनही वाटतं तेल लावून जावं. माझ्या केसांना कधी काही झालं नाही.

डॉक्टरीणबाई_नाहीये_मी
तुमच्या केसांना नाही झालं, तिच्या पापण्यांना झालंय ना.

टेक्सासची_मावशी
माझ्या पांढऱ्या केसांचं कोणी सांगेल का? इथे बॉक्सवर "पीपीडी फ्री" लिहिलंय, पण मागे ते टोल्युईन वालं नाव आहे. म्हणजे लावू की नको?