अट गाळू नका

> ‘पाऊण तासाचं भाषण तीन मुद्द्यांत बसवताना माझं मत घुसतंच. काय करू?’

आधी फक्त आश्वासनांखाली रेघ मारा, अटीसकट. आमच्या इंदूरला एका सभेत उमेदवार म्हणाला, ‘टंकी बन जाए तो नर्मदा का पानी रोज देंगे.’ मी मराठीत उतरवलं, ‘रोज पाणी देणार.’ टाकीच गळाली! मग दुरुस्त केलं: ‘टाकी झाली तर नर्मदेचं पाणी रोज देऊ, असं ते म्हणाले.’ रस्ते आणि ड्रेनेजची आश्वासनं दुसऱ्या मुद्द्यात एकत्र, पण दोन्ही नावं ठेवून. विरोधकांवरची अर्ध्या तासाची टीका तिसऱ्यात: ‘कामं रखडवल्याचा आरोप केला.’ मत घुसतं ते बहुधा क्रियापदातून. ‘कबूल केलं’ लिहिलं की तो दोषी, ‘उघड केलं’ लिहिलं की आरोप खरा. साधं ‘म्हणाले’ बरं.