मदत हवी आहे: फिग्मात ऑटो लेआउट लावूनही बटण आणि यादी मजकुराप्रमाणे वाढत नाही

कोरा_कागद

मी फिग्मात एका मेसेजिंग अ‍ॅपच्या स्क्रीन करतोय. आधी सगळा मजकूर इंग्रजीत होता, आता मराठी टाकायला घेतला आणि मांडणीची पार वाट लागली.

बटणावर "Save" होतं तोवर सगळं छान. तिथे "बदल जतन करा" लिहिलं तर अक्षरं बटणाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली, बटण आपलं जागचं हललं नाही. यादीतली तऱ्हा वेगळीच. प्रत्येक ओळीत डावीकडे गोल फोटो, मध्ये शीर्षक आणि खाली उपशीर्षक, उजवीकडे वेळ. लांब शीर्षक टाकलं की ते सरळ वेळेवर जाऊन चढतं. हाताने एन्टर मारून दोन ओळी केल्या तर उपशीर्षक खालच्या फोटोला भिडतं.

Shift+A सगळीकडे दाबलंय, म्हणजे ऑटो लेआउट लागलेलं आहे. मग चुकतंय कुठे?

घाईत_आहे

सोप्पंय. सगळं निवडा आणि रुंदी-उंची दोन्ही Hug करून टाका. मी तर डोळे मिटून तेच करतो.

कोरा_कागद

केलं. बटण एकदम सुधारलं, धन्यवाद! पण यादीची ओळ आता स्क्रीनच्या उजव्या कडेतून बाहेर पळाली. शीर्षक एकाच लांबलचक ओळीत, वेळ तर दिसतच नाही.

फावल्या_वेळात

ऑटो लेआउटने फॉन्ट आपोआप लहान होतो ना? तुमच्याकडे होत नाहीये का? मला एका पोस्टरमध्ये तेच हवं होतं, मोठं नाव आलं की अक्षर बारीक व्हायला पाहिजे.

तिरपी_रेघ

फावल्या_वेळात, नाही हो, ऑटो लेआउट अक्षरांच्या मापाला हात लावत नाही. ते फक्त चौकटी लहान-मोठ्या करतं आणि वस्तू सरकवतं. पोस्टरचं तुम्हाला हातानेच करावं लागेल.

कोरा_कागद, घाईत_आहे यांचं उत्तर बटणापुरतं बरोबर आहे. बटणाची रुंदी आतला मजकूर ठरवतो, म्हणून तिथे Hug. यादीची रुंदी मात्र स्क्रीन ठरवते आणि उंची मजकूर ठरवतो. म्हणजे एकाच ओळीला आडवं एक आणि उभं दुसरं लावायचं. सगळ्याला Hug केलंत की रुंदीला कुणी धनीच उरत नाही, मग मजकूर कशाला दुमडेल?

आधी बटण का अडकलं होतं ते सांगते. उजव्या पॅनेलमध्ये रुंदीच्या खान्यात तेव्हा Fixed असणार. शेजारच्या बटणाला जुळवायला तुम्ही कधीतरी कड धरून ओढली असेल. ओढलं की Hug निघून जातं आणि फिग्मा काही बोलत नाही. हे सगळ्यांचं होतं, माझं अजूनही होतं. कडेवर डबल क्लिक केलं की परत Hug होतं.

कोरा_कागद

हो, ओढली होती. ६८ रुंदी होती, आणि "बदल जतन करा" एकटंच ९२ भरतंय. म्हणजे दोन्हीकडे १६ पॅडिंग धरून १२४ हवं होतं, आता तेवढंच झालंय. पण उलटं कसं करायचं? "हो" एवढंच लिहिलं की बटण अगदी चिमुकलं होतं.

तिरपी_रेघ

Hug तसंच ठेवा आणि रुंदीच्या मेनूतून Add min width निवडून ८८ वगैरे टाका. त्याच्या खाली बटण आक्रसणार नाही, वर हवं तेवढं वाढेल. मजकूर मधोमध जुळवायला विसरू नका, नाहीतर "हो" डाव्या कडेला जाऊन बसेल.

आता यादी. तुमची मापं द्या, त्यावरच बोलू.

कोरा_कागद

यादी ३६० रुंद. ओळीला चारी बाजूंनी पॅडिंग १६, वस्तूंमध्ये अंतर १२, फोटो ४०, वेळ साधारण ४४. शीर्षकाची लाइन हाइट २४, उपशीर्षकाची २०, दोघांत ४.

तिरपी_रेघ

३६० मधून पॅडिंगचे ३२, दोन अंतरांचे २४, फोटोचे ४० आणि वेळेचे ४४ गेले की उरतात २२०. ही मधली जागा मजकुराची. बाहेरून आत या:

यादीची रुंदी Fixed ३६०, उंची Hug. ओळीची रुंदी Fill, उंची Hug. फोटो Fixed. वेळ Hug, म्हणजे ती कधी दुमडणार नाही. शीर्षक-उपशीर्षक ज्या उभ्या चौकटीत आहेत तिची रुंदी Fill, उंची Hug.

आणि आता जिथे बहुतेक जण फसतात ते. त्या चौकटीला Fill दिलं तरी आतल्या मजकुराला वेगळं Fill द्यावं लागतं. चौकट २२० ची होते, पण मजकूर Hug वरच राहिला तर तो आपल्या लांबीने ३०० होऊन चौकटीबाहेर जातो आणि वेळेवर चढतो. शीर्षकावर क्लिक करून निळी चौकट बघा. ती २२० च्या पुढे जात असेल तर दुखणं तिथेच आहे.

उंचीचंही तसंच. एका ओळीचं शीर्षक असताना २४ + ४ + २० = ४८, अधिक पॅडिंग ३२, म्हणजे ८०. शीर्षक दोन ओळींचं झालं की १०४ व्हायला हवं. ८० वरच अडकलं तर ओळीची उंची Fixed आहे, किंवा मजकुराचीच. मजकुराची चौकट खालून ओढली की तीही Fixed होते. आणि ते एन्टर आधी काढा.

कोरा_कागद

निळी चौकट ३१२ दाखवत होती! दोन्ही मजकूर Fill केले, ओळीची उंची Hug केली. आता १०४ आलं आणि खालच्या ओळी आपोआप खाली सरकल्या. फक्त वेळ उभ्यात मधोमध आलीये, ती वर हवी.

तिरपी_रेघ

ओळ निवडून जुळवणी वरच्या कडेला करा. शीर्षक दोन ओळींच्या पुढे जायला नको असेल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये Truncate text चालू करून कमाल ओळी २ द्या, शेवटी तीन टिंबं येतील. मला स्वतःला उपशीर्षक एका ओळीत कापलेलं चालतं, शीर्षक कापलेलं खटकतं.

अर्धविराम

मध्येच घुसतोय, पण माझं दुखणं याच घरातलं आहे. ड्रॉपडाउन मेनूत पाच पर्याय. मेनूची रुंदी सगळ्यात लांब पर्यायाएवढी हवी, आणि बाकीचे चार तेवढेच रुंद हवेत, म्हणजे निवडलेल्याचा रंग कडेपर्यंत भरेल. पाचही Fill केले की मेनू Hug सोडून Fixed होतो.

घाईत_आहे

मेनू परत Hug करा ना.

अर्धविराम

केला. मग पर्यायांचं Fill जातं. लपंडाव चाललाय.

तिरपी_रेघ

होणारच. पाचही जण मेनूकडे बघून रुंदी ठरवणार आणि मेनू त्यांच्याकडे बघून, मग आधी कुणी ठरवायची? निदान एकाने तरी Hug राहायला हवं. सगळ्यात लांब पर्याय Hug ठेवा, बाकी चार Fill.

अर्धविराम

चाललं. पण भाषा बदलली की दुसराच पर्याय लांब होतो आणि तो बाहेर येतो. प्रत्येक भाषेला वेगळा Hug शोधत बसायचं?

तिरपी_रेघ

मी मेनूला ठरावीक रुंदी देते आणि लांब पर्याय दोन ओळींत दुमडू देते. तुम्हाला हवंय ते तसंच्या तसं मला जमलेलं नाही. कुणाला जमलं असेल तर लिहा.

कोरा_कागद

माझी एक शेवटची शंका. मूळ कॉम्पोनंटमध्ये बटण Hug केलं, तरी काही स्क्रीनवरची बटणं ६८ वरच आहेत.

तिरपी_रेघ

ती त्या-त्या स्क्रीनवर कुणीतरी ओढलेली असणार. तिथला बदल मूळ कॉम्पोनंटवर मात करतो. सगळी एकदम निवडा आणि रुंदी Hug करा. Reset all changes दाबू नका, तुम्ही लिहिलेला मजकूरही पुसला जाऊन परत "Save" येईल.

कोरा_कागद

दाबून झालं होतं. Ctrl+Z ने वाचलो.