फोटोत दिसतंय तेच खाली पुन्हा लिहायचं का? (ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा आईचा फोटो)

लष्करवाला
गेल्या रविवारी आईला किल्ल्यावर घेऊन गेलो होतो. ती ७१ वर्षांची आहे. फोटोत ती सास-बहूच्या मोठ्या मंदिराच्या पायरीवर बसून हसते आहे आणि मागे कोपऱ्यात छोटं मंदिर दिसतंय. मी खाली लिहिलं, 'सास-बहू मंदिर, ग्वाल्हेर. सुंदर नक्षीकाम, निळं आकाश आणि आई.' धाकटा भाऊ म्हणतो, हे तर दिसतंच आहे, एखादी छोटी गोष्ट लिही. मला वाटतं, फोटोखाली फोटोत काय आहे तेच लिहितात. तुम्हाला काय वाटतं?

दाणाओळीची सून
तुमचंच बरोबर आहे. सासऱ्यांच्या पेटीत आम्हाला जुने फोटो सापडले. एकाच्या मागे लिहिलंय, 'काय धमाल केली होती त्या दिवशी!' कुठे, कोणी, कधी, काही नाही. त्यातल्या तिघांना आता घरात कोणीच ओळखत नाही. गोष्टी तोंडी सांगता येतात. कागदावर नाव, गाव आणि साल पाहिजे.

निवृत्त उपसंपादक
सुनबाईंची तक्रार रास्त आहे, पण ती गोष्टीविरुद्ध नाही, नाव-गाव विसरण्याविरुद्ध आहे. वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं फोटोओळी लिहिल्या. तिथली रीत अशी, की पहिल्या वाक्यात कोण, कुठे, केव्हा आणि दुसऱ्यात फोटोला जे दाखवता येत नाही ते. घरच्या प्रवासाच्या फोटोत मी हा क्रम उलटा करीन. गोष्ट आधी, आणि शेवटी वेगळ्या ओळीत जागा व साल. मोबाइलवर लांब मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं उघडावं लागतं. त्या ओळी 'सुंदर नक्षीकाम'वर का खर्च करायच्या? नक्षी चांगली आहे की नाही ते बघणाऱ्याच्या डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं.
आता एवढंच सांगा. आई कशाला हसते आहे?

कॅमेरा गळ्यात
फोटो चांगला आहे, पण ते मागचं छोटं मंदिर लक्ष वेधून घेतंय. डावीकडून कापून टाका, आई मधोमध येईल. सकाळी लवकर गेला असतात तर दगडाचा रंगही उठला असता.

लष्करवाला
कशाला हसते, त्याची थोडी लांबण आहे. १९७६ मध्ये लग्न झाल्यावर आजीनं, म्हणजे आईच्या सासूबाईंनी, तिला किल्ला दाखवायला आणलं होतं. आजी मोठ्या मंदिराच्या पायरीवर बसली आणि छोट्या मंदिराकडे बोट दाखवून म्हणाली, 'तुझं ते, तिकडे.' आई बिचारी खरंच उठून तिकडे जाऊन बसली. परवा ती गाडीतून उतरली ती गुडघ्यांचं सगळं विसरून थेट मोठ्या मंदिराकडे. बसली आणि मला म्हणाली, 'काढ आता.' मग हसायला लागली.

निवृत्त उपसंपादक
मग गोष्ट तुम्ही लिहिलीच आहे. आता फक्त कमी करायची. माझा कच्चा मसुदा:

'१९७६. नवी सून घेऊन आजी इथे आली, मोठ्या मंदिराच्या पायरीवर बसली आणि छोट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुझं ते, तिकडे." आई तिकडे जाऊन बसली. परवा आई मोठ्या मंदिराकडे गेली, बसली आणि म्हणाली, "काढ आता."
सास-बहू मंदिर, ग्वाल्हेरचा किल्ला.' त्यापुढे महिना आणि साल.

'बिचारी' काढला, गुडघे काढले, हसणंही काढलं, कारण ते फोटोत आहे. 'काढ आता'च्या पुढे एक शब्दही लिहू नका. 'काळ कसा बदलतो' असं काही सुचेल, ते वाचणाऱ्याचं त्याला सुचू द्या. आणि छोटं मंदिर अजिबात कापू नका. ओळी वाचल्यावर माणूस परत फोटोकडे वळेल आणि तेच कोपऱ्यात शोधेल. वाचून झाल्यावर नजर फोटोत नव्या जागी गेली नाही, तर ती गोष्ट कुठल्याही फोटोखाली चालली असती असं समजावं.

कॅमेरा गळ्यात
हे वाचून फोटो पुन्हा पाहिला. कापण्याचं मागे घेतो. उजेडाबद्दल मात्र तेच म्हणणं आहे.

शिलालेख
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. या मंदिरांचा सासू-सुनेशी काही संबंध नाही. ते मूळ 'सहस्रबाहू', म्हणजे विष्णूचं नाव, बोलण्यात झिजून सास-बहू झालं असं मानतात. मोठ्या मंदिरातल्या शिलालेखात १०९३ साल आहे आणि ते कच्छपघात राजा महीपालाच्या काळात पूर्ण झालं. तुमची ओळ शंभर जण वाचतील आणि एक सासूचं, एक सुनेचं, हे आणखी पक्कं होईल. छोटीशी का होईना, पण खरी माहिती द्या. गोष्ट म्हणून शिलालेखाचीच सांगा.

निवृत्त उपसंपादक
माहिती बरोबर आहे, पण ती या फोटोची गोष्ट नाही. पायरीवर महीपाल बसलेला नाही. मसुद्यात मंदिर सासूनं बांधलं असं कुठेही म्हटलेलं नाही. आजीनं बोट दाखवलं एवढंच आहे आणि ते घडलेलं आहे. चुकीची समजूत माणसाच्या तोंडी राहिली तर ती त्याची असते. लिहिणारा स्वतःच्या वाक्यात ती सांगू लागला, की ती चूक त्याची. तरी खटकत असेल तर शेवटच्या ओळीत 'सहस्रबाहू (सास-बहू) मंदिर' लिहावं. वर वाद घालू नये.

शिलालेख
शेवटच्या ओळीची तडजोड मान्य. बाकी पटलेलं नाही. ही नावं अशाच घरगुती गोष्टींनी टिकतात.

राजवाडा, इंदूर
माझा अनुभव सांगते. महेश्वरच्या घाटावर एका नावाड्याचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, की तो म्हणाला, 'नर्मदा मला ओळखते.' तो असं काही म्हणालाच नव्हता. आमचं बोलणं फक्त भाड्याचं झालं होतं. लोकांना ओळ फार आवडली. महिन्याभरात ओळखीचं एक कुटुंब तिकडे गेलं आणि फोटो दाखवून त्याला शोधून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. तो गोंधळून गेला. मला आजही त्याची लाज वाटते. आता मी जे कानांनी ऐकलं तेच अवतरणात टाकते, आणि काही ऐकलं नसेल तर घडलेलं लिहिते. भाड्यावरची घासाघीससुद्धा चांगली गोष्ट झाली असती.

दाणाओळीची सून
जागा आणि साल शेवटी येणार असेल तर माझी हरकत नाही. पण दुसरीच एक हरकत आहे. आजी हयात नसतील तर त्यांची बाजू कोण सांगणार? चार ओळींत त्या सुनेला तिकडे बसवणाऱ्या सासू म्हणून कायमच्या राहतील. त्यांनी हसत म्हटलं असेल, लाडानं म्हटलं असेल. तुमच्या आत्या हे वाचतील ना?

निवृत्त उपसंपादक
यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'हसून म्हणाली' लिहिता येईल, पण ती हसली होती की नाही हे एकट्या आईंनाच माहीत.

लष्करवाला
आईला मसुदा वाचून दाखवला. ती म्हणाली, 'हसल्या वगैरे नाहीत. पण मी तिकडे जाऊन बसल्यावर डबा घेऊन त्याही तिकडेच आल्या. जेवलो आम्ही छोट्याच मंदिराशी.' हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आता डब्याचं वाक्य घालतो आहे:

'आई तिकडे जाऊन बसली. थोड्या वेळानं आजी डबा घेऊन तिकडेच आली.'

त्यानंतर 'काढ आता' तितकं जोरात लागत नाही, हे मलाही दिसतंय. तरी डबा काढवत नाही. आत्याला उद्या फोन करून वाचून दाखवतो, तोवर फोटो ठेवून दिलाय.