भाषणाचे पहिले तीस सेकंद तोंडपाठ, पुढचे मोकळे: आपले अनुभव लिहा

माहीमचा अभियंता (धागा सुरू करणारा)

मी जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करतो. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींना ही तपासणी कायद्याने बंधनकारक असल्यामुळे गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये समजावून सांगण्यासाठी मला वर्षाकाठी दहा-बारा वेळा तरी उभे राहावे लागते. पूर्वी मी संपूर्ण भाषण लिहून पाठ करीत असे. एका सभेत आधीच्या विषयावर भांडण लांबले, माझी चाळीस मिनिटे पंधरावर आली आणि पाठ केलेल्या मजकुरातून काय गाळावे हे न कळल्यामुळे मी सगळेच दुप्पट वेगाने म्हटले. त्यानंतर मी फक्त सुरुवातीचे तीस सेकंद शब्दशः पाठ करतो आणि पुढच्या भागासाठी गच्ची, न्हाणीघर, बाहेरची भिंत, खांब आणि पाण्याची टाकी असे पाच शब्द तळहाताएवढ्या कार्डावर लिहून नेतो. त्यांचा क्रम सभा पाहून बदलतो.

माझी सध्याची सुरुवात अशी आहे:

“गेल्या जुलैत एका आजींनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं आणि छताकडे बोट दाखवलं. तिथे चहाच्या बशीएवढा तपकिरी डाग होता. ‘चार वर्षं रंग काढतोय, डाग पुन्हा येतो,’ असं त्या म्हणाल्या. मी डागाशेजारी हातोडी हलकेच टेकवली. आवाज पोकळ आला. खपली पडली आणि आतली सळई दिसली, गंजून फुगलेली. डाग रंगाचा नव्हता. तो सळईचा होता. तुमच्या इमारतीत असा डाग कुठे आहे?”

हे साधारण पंचावन्न शब्द आहेत आणि घरी घड्याळ लावून म्हटले की बरोबर तीस सेकंद लागतात. सभेत मात्र तेच बावीस सेकंदांत संपतात, कारण छाती धडधडत असताना मी विराम गिळतो. त्यामुळे आता “आवाज पोकळ आला” याच्या आधी आणि नंतर मी कागदावर आडवी रेघ मारली आहे आणि त्या रेघेवर एक पूर्ण श्वास घेण्याचीही सवय लावली आहे.

अजून एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. आधीच्या मसुद्यात “नेले”, “दाखवले”, “म्हणाल्या की” असे लिहिले होते आणि ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा मी बातम्या वाचतो आहे असे वाटत होते. जे बोलायचे ते बोलण्याच्या रूपातच लिहावे लागते. शिवाय आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे लांब वाक्य पाठ केले की श्वास नेमका क्रियापदाच्या आधी संपतो, म्हणून वाक्ये मोडून आखूड केली.

आपण कसे करता, आणि कुठे फसते, ते कृपया लिहावे.

निवृत्त मुख्याध्यापक, विलेपार्ले

आपला अनुभव वाचला, तरी मला सहमत होता येत नाही. मी अठ्ठावीस वर्षे विद्यार्थ्यांना वक्तृत्व स्पर्धांसाठी तयार केले आणि सात मिनिटांचे भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ करून घेतले. सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा वाजते, तेव्हा विद्यार्थ्याला आपण नेमके कोठे असायला हवे हे ठाऊक असते. मोकळे सोडलेल्या मुलाची घंटेनंतर धांदल होते. पाठांतराला कमी लेखण्याची जी प्रथा पडली आहे ती मला पटत नाही.

माहीमचा अभियंता

सर, स्पर्धेत विषय, वेळ आणि श्रोते तिन्ही ठरलेले असतात, म्हणून तिथे आपले म्हणणे खरेच आहे. माझ्या सभेत मध्येच कोणीतरी “पण खर्च कोण करणार?” असे विचारते. पाठ मजकुरात प्रत्येक वाक्य पुढच्याची आठवण करून देते, त्यामुळे मधली कडी तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तीस सेकंदांच्या साखळीत तुटण्याची संधीच कमी असते आणि तुटली तरी मागे जाऊन पकडता येते.

लालबागच्या कीर्तनकार

आमच्या नारदीय कीर्तनाची बांधणी ऐकून आपल्याला गंमत वाटेल. नमन आणि निरूपणाला घेतलेला अभंग यांत एक अक्षरही हलत नाही, पण निरूपणातले दृष्टांत समोर कोण बसले आहे ते पाहून ठरतात आणि उत्तररंगातले आख्यान अर्ध्या तासाचे करायचे की तासाभराचे, हे तर कधी कधी पखवाजवाल्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे लागते. माझे गुरुजी सांगत की नमन श्रोत्यांसाठी जितके असते तितकेच स्वतःचा आवाज कुठल्या पट्टीत बसला आहे ते ऐकण्यासाठी असते. पाठ असल्यामुळे शब्दांकडे लक्ष द्यावे लागत नाही, मग कान मोकळे होतात: ध्वनिक्षेपक शिट्टी मारतो आहे का, मागच्या रांगेपर्यंत पोहोचते आहे का, पेटीची पट्टी उंच लागली आहे का, हे त्या अर्ध्या मिनिटात कळते. आपल्या सुरुवातीत माझ्या मते एक दोष आहे. शेवटी प्रश्न टाकला आहे, आणि सभेत विचारलेल्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर देणारच.

माहीमचा अभियंता

ताई, आपण अगदी दुखऱ्या नसेवर बोट ठेवले. मागच्याच महिन्यात मी तो प्रश्न विचारला आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उभे राहून वरच्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीघराविषयी चार मिनिटे बोलले. वरच्या मजल्यावरचे तिथेच बसले होते, पुढचे सांगायला नको. मला वाटते पाठ भाग आणि मोकळा भाग यांचा सांधा हीच सर्वांत नाजूक जागा आहे. अनेकदा पाठ मजकूर संपतो आणि डोके एकदम रिकामे होते, कारण पुढचा पहिला शब्द कुठेच ठरलेला नसतो. आता शेवटचे वाक्य असे केले आहे: “असा डाग सर्वांत आधी कुठे दिसतो, ते पाहू.” त्यामागून कार्डावरचा कोणताही शब्द येऊ शकतो. गच्चीही येते, न्हाणीघरही येते.

सूत्रसंचालिका, दादर

मी वक्त्यांची ओळख करून देते, त्यामुळे तीस सेकंदांचा प्रश्न ओळखीचा आहे असे समजून लिहिते आहे. वक्त्याचा परिचय दीड मिनिटापेक्षा लांबवू नये, पुरस्कार तीनच सांगावेत आणि आडनावाचा उच्चार आधी विचारून घ्यावा, असे माझे मत आहे.

नंतर वर वाचले तेव्हा कळले की धागा वक्त्याच्या सुरुवातीविषयी आहे. तरीही एक सांगते. एकदा वक्त्यांनी तयारी करताना मला त्यांचा एक किस्सा सांगितला होता. तो मला इतका आवडला की मी परिचयातच सांगून टाकला. ते उठले, ध्वनिक्षेपकाजवळ आले आणि माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. त्यांनी तोच किस्सा पाठ केलेला होता. त्यामुळे आता मी प्रत्येक वक्त्याला आधी विचारते की आपण कशाने सुरुवात करणार आहात, म्हणजे मी तिकडे पाऊल टाकत नाही. आणि कृपा करून मान्यवरांची नावे पाठ मजकुरात घालू नका. पत्रिकेवरचे दोघे येत नाहीत आणि न छापलेले तिघे व्यासपीठावर बसलेले असतात.

महापालिकेच्या दवाखान्यातील परिचारिका, गोवंडी

नावांचे म्हणणे अगदी खरे आहे. मी चिठ्ठीवर नावे लिहून घेते, ती बघून वाचते, चिठ्ठी खाली ठेवते आणि मग मनात दोन अंक मोजून पाठ केलेले पहिले वाक्य म्हणते. चिठ्ठी खाली ठेवल्यावर श्रोतेही शांत होतात.

माझी अडचण वेगळी आहे. मी लसीकरणाविषयी बोलते आणि समोर कोणत्या भाषेतल्या बायका बसतील ते पोहोचल्याशिवाय कळत नाही. मराठीत पाठ केलेले उभ्याउभ्या हिंदीत करायला गेले की मी दोन्हीकडे अडखळते. त्यामुळे मी दोन्ही भाषांत वेगवेगळी सुरुवात पाठ केली आहे, आणि ती एकमेकींचे भाषांतर नाही. हिंदीतली बाळाच्या तापापासून सुरू होते, मराठीतली लसीकरणाच्या कार्डापासून. सारखी ठेवली तेव्हा त्या एकमेकींत मिसळत होत्या.

ठाण्याचा वाचक

तालीम आरशासमोर करावी का? मी करतो, पण तिथे उत्तम जमते आणि सभागृहात पाय थरथरतात.

माहीमचा अभियंता

आरशात आपण स्वतःकडे पाहतो आणि सभेत दुसऱ्यांकडे, म्हणून मी ते सोडले. मी भांडी घासताना म्हणतो, कारण हात गुंतलेले असताना आणि नळ वाजत असताना जर शब्द न अडखळता आले तर ते खरोखर पाठ झाले आहेत असे मी धरतो. दुसरी परीक्षा म्हणजे “मी डागाशेजारी” या चौथ्या वाक्यापासून सुरुवात करून पाहणे. ते जमले नाही, तर साखळीला एकच टोक आहे असे समजावे.

चेंबूरचा संगणक अभियंता

मी थोडा उलट अनुभव लिहितो. मी तोतरा आहे. ‘म’ आणि ‘प’ने सुरू होणाऱ्या शब्दांवर मी अडकतो आणि नेहमीच्या बोलण्यात तो शब्द येतो आहे असे आधीच जाणवले की मी दुसरा शब्द टाकून पुढे जातो. पाठ केलेल्या मजकुरात ही पळवाट बंद होते, म्हणून स्वतःचे नाव सांगणे मला सर्वांत कठीण जाते, कारण त्याला पर्यायच नाही. कार्यालयातल्या एका सादरीकरणात मी सुरुवातीचे वाक्य पाठ केले आणि पहिल्याच ‘म’वर आठ-नऊ सेकंद उभा राहिलो. पुढची वीस मिनिटे, जी पाठ नव्हती, बरी गेली. त्यामुळे हा उपाय प्रत्येकाला लागू पडतो असे मला वाटत नाही.

लालबागच्या कीर्तनकार

दादा, माझ्या एका सहकाऱ्याचे असेच होते, पण अभंग गाताना ते कधीच अडत नाहीत. आपण सुरुवात गायची नाही हे मान्य, तरी ठेक्यावर बोलून पाहिले आहे का?

चेंबूरचा संगणक अभियंता

पाहिले आहे. ठेक्यावर अडत नाही, पण मग सगळे टाळ्या वाजवण्याच्या बेतात असल्यासारखे पाहतात आणि पुढच्या साध्या वाक्याला पुन्हा पहिल्यासारखेच होते. सध्या शब्द न पाठ करता फक्त प्रसंग पाठ करतो: कोण होते, काय हातात होते, काय घडले. शब्द त्या दिवशी जे येतील ते. तीस सेकंदांचे कधी पन्नास होतात. पुढच्या बुधवारी पुन्हा सादरीकरण आहे, तेव्हा पहिला शब्द तेवढा ‘आ’ने सुरू होणारा ठरवून पाहणार आहे. काय झाले ते इथे लिहीन.